तमिळ येत नाही, मराठी येतं: एक कुऱळ सुटी करून वाचायची कशी

चेन्नईत सरकारी बसमध्ये चढलात की ड्रायव्हरच्या मागे किंवा खिडक्यांच्या वर एक पाटी दिसते, दोन ओळी, खाली नंबर. त्या तिरुक्कुऱळमधल्या असतात, म्हणजे तिरुवळ्ळुवर या जुन्या तमिळ कवीच्या ग्रंथातल्या, आणि त्यातल्या अशा दोन ओळींच्या एका कवितेला कुऱळ म्हणतात. इथे राहणाऱ्या बऱ्याच मराठी लोकांना एवढं माहीत असतं की हे तिरुवळ्ळुवरांचं काहीतरी चांगलं वचन आहे, ऑफिसातल्या कुणाला विचारलं की तो "गोड बोलावं असं आहे" म्हणून मोकळा होतो, आणि आपण पण मान हलवून मोकळे. मी चार वर्षं तेच केलं. मग आमच्या बिल्डिंगमधल्या एका रिटायर्ड तमिळ मास्तरांकडे (इथे तमिळ शिकवणाऱ्याला सगळे ऐया म्हणतात) एक कुऱळ पकडून बसलो, तेव्हा कळलं की "गोड बोलावं" हा त्यातला अर्थच नाही, निदान तसं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि दुसरं कळलं ते जास्त कामाचं होतं: मराठी माणसाला हे सुटं करणं वाटतं त्यापेक्षा खूप सोपं जातं, कारण शब्दांचा क्रम जवळपास आपलाच आहे.

म्हणून ही एकच कुऱळ घेतोय, नंबर 100, आणि ती मी कशी फोडली ते पायरीपायरीने लिहितोय. तमिळ लिपी येत नसली तरी चालेल, मी सगळं देवनागरीत देतो.

आधी नंबर बघा

एकूण 1330 कुऱळ आहेत, दहा-दहाचे 133 गट, गटाला अदिगारम् म्हणतात, म्हणजे आपला अध्याय. (कन्याकुमारीचा तिरुवळ्ळुवरांचा पुतळा 133 फुटांचा आहे तो याच हिशोबाने.) त्यामुळे नंबरवरून अध्याय काढता येतो. 347 असेल तर 34 अध्याय संपले, म्हणजे 35व्या अध्यायातली सातवी. फक्त शेवटी शून्य असेल तर गडबड होते, 100 म्हणजे अकरावा अध्याय नाही, दहाव्यातलीच दहावी. मी पहिल्यांदा अकरावा उघडून बसलो होतो आणि तिथे सगळं उपकार आणि कृतज्ञतेबद्दल चाललेलं, आपल्या ओळीशी काही मेळच बसेना.

अध्यायाचं नाव का हवं, तर ओळीत जे शब्द गाळलेले असतात ते बऱ्याचदा नावावरून भरता येतात. दहाव्या अध्यायाचं नाव इनियवै कूऱल्. इनियवै म्हणजे गोड असलेल्या गोष्टी, कूऱल् म्हणजे बोलणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि इथेच एक उच्चाराचा खड्डा आहे तो आत्ताच दाखवतो. कुऱळ् (उ र्‍हस्व, शेवटी ळ) म्हणजे आखूड, छोटं, त्यावरून या दोन ओळींच्या छंदाचं नाव. कूऱल् (ऊ दीर्घ, शेवटी ल) म्हणजे बोलणं. आणि कुरल् (साधा र, शेवटी ल) म्हणजे आवाज, गळा. रोमन लिपीत तिन्ही जवळपास सारखेच दिसतात, म्हणून रोमनमधून शिकू नका. आपण मराठीत सर्रास "तिरुक्कुरल" लिहितो, तमिळ माणसाच्या कानाला तो "पवित्र आवाज" होतो. आपल्याकडे ळ आहे, दुसऱ्या-तिसऱ्यातला ऱ पण आहे, मग ते वापरायला काय हरकत आहे!

आता ओळी, आणि त्यातल्या फसव्या जागा

पाटीवर ती अशी छापलेली असते:

इनिय उळवाग इन्नाद कूऱल्
कनियिरुप्पक् काय्कवर्न् दट्रु

पहिल्या ओळीत चार तुकडे, दुसऱ्यात तीन. प्रत्येक कुऱळ अशीच असते, चार आणि तीन, एकूण सात, एकही कमी-जास्त नाही. ह्या तुकड्याला सीर् म्हणतात. सीर् म्हणजे शब्द नाही, तालाचा तुकडा आहे. आपण अभंग म्हणताना जसं शब्दाच्या मधेच थांबतो तसं, फक्त इथे ती थांबायची जागा छापतात पण. म्हणून छपाईतली मोकळी जागा ही शब्द संपल्याची खूण धरू नका.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नवखा माणूस शेवटचा "दट्रु" घेऊन डिक्शनरीत शोधायला जातो, आणि काही मिळत नाही, कारण असा शब्दच नाही. तो "कवर्न्दट्रु" या जोडशब्दाचा मागचा अर्धा भाग आहे, तालासाठी तोडलेला. सात तुकडे असले तरी खरे शब्द नऊ आहेत.

तमिळ लिपीतून कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर अजून एक गोष्ट खटकेल. तमिळमध्ये क आणि ग ला एकच अक्षर, त आणि द ला एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला किंवा जोडाक्षरात दुप्पट आलं तर कडक म्हणायचं (कनि, क्काय्), दोन स्वरांच्या मधे किंवा न् म् च्या पाठोपाठ आलं की मऊ (उळवाग, इन्नाद, कवर्न्दु). एवढ्या एका नियमावर ही अख्खी कुऱळ वाचता येते. आणि ते "ट्र" म्हणजे ऱ ची जोडी, ऱ्ऱ असं लिहितात पण म्हणताना ट्र ऐकू येतं.

एकदा मोठ्याने म्हणा. यमक ओळीच्या शेवटी शोधू नका, तमिळमध्ये ते सुरुवातीला असतं, दुसऱ्या अक्षरावर: इ-नि-य, क-नि. आणि दुसरी ओळ ऐका, कनि, काय्, कवर्न्, तीनदा क. पाठ व्हायला हे पुरतं. माझ्या पहिलीतल्या मुलीला माझ्याआधी पाठ झाली.

सांधे उसवा

आता शब्द सुटे करायचे. तीनच ठिकाणी सांधा आहे.

उळवाग = उळ + आग. मधला व् नुसता भरतीचा, दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून.

कनियिरुप्पक् = कनि + इरुप्प. मधला य् पण तसाच भरतीचा, आणि शेवटचा क् हा पुढच्या काय् मुळे आलेला, त्याला स्वतःचा काही अर्थ नाही. जास्तीचं अक्षर दिसलं की ते पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराशी जुळतंय का बघायचं, जुळलं तर खोडून टाकायचं.

कवर्न्दट्रु = कवर्न्दु + अट्रु. इथे उलट झालंय, भरती नाही, गळती. कवर्न्दु चा शेवटचा उ अगदी तोकडा असतो, पुढे स्वर आला की गळून पडतो. संस्कृत संधीच्या सवयीने आपण उ + अ = व करायला जातो, ते इथे चालत नाही. उ सरळ गायब.

तर नऊ शब्द: इनिय, उळ, आग, इन्नाद, कूऱल्, कनि, इरुप्प, काय्, कवर्न्दु आणि अट्रु. (दहा झाले ना? आग ला मी शब्द न धरता शेपूट धरतो, आपल्या "असताना" मधल्या "ताना" सारखं.)

शेवटचा शब्द आधी

ऐयांनी मला पहिली सवय ही लावली. तमिळमध्ये पण मराठीसारखंच क्रियापद, निकाल, जे काय सांगायचंय ते शेवटी येतं, तेव्हा आधी शेवटी जाऊन बघायचं की वाक्य आहे कशाचं: हुकूम आहे, प्रश्न आहे, का तुलना.

इथे शेवटी अट्रु. डिक्शनरीत बघितलंत तर बहुतेक तुम्हाला आधी "तुटून, नाहीसं होऊन, विना" असा अर्थ सापडेल, कारण अऱु म्हणजे तुटणं ह्या धातूचं रूप पण असंच दिसतं, आणि आजच्या तमिळमध्ये तेच जास्त चालतं. तो हा नव्हे. हा अट्रु "अ" पासून आलाय, अ म्हणजे "ते", अट्रु म्हणजे "त्यासारखं आहे". ओळखायचं कसं, तर कुऱळच्या अगदी शेवटी असेल आणि त्याच्या आधी भूतकाळातलं क्रियापद चिकटलेलं असेल तर तुलना. कवर्न्दु + अट्रु = घेतल्यासारखं आहे.

हे बघितलं तेव्हा मला खरोखर मजा वाटली. "घेतल्यासारखं". आपण पण हेच करतो, आधी भूतकाळ (घेतलं), मग सारखं, आणि दोन्ही चिकटवून टाकतो. इंग्रजीत याचं भाषांतर करायचं तर वाक्य उलटंपालटं करावं लागतं, मराठीत तमिळच्या पावलावर पाऊल टाकून जाता येतं.

म्हणजे एवढं नक्की झालं की ही कुऱळ हुकूम नाही. "बोला" किंवा "बोलू नका" असं क्रियापद यात कुठेच नाही. "अमुक करणं हे तमुक केल्यासारखं आहे", बास. संक्रांतीला आपण "गोड गोड बोला" म्हणतो ती आज्ञा आहे. (तमिळनाडूत पोंगलच्या दुसऱ्या दिवशी तिरुवळ्ळुवर दिन असतो, म्हणजे आपल्या तिळगुळाच्या आगेमागेच, त्यामुळे मराठी माणूस हटकून दोन्हीची सांगड घालतो, मी पण घातली होती.) हिच्यात आज्ञा नाही, चित्र आहे.

मग पहिली ओळ

इनिय. हा शब्द तुम्ही चेन्नईत हजारदा बघितलाय, वाढदिवसाच्या केकवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर "इनिय पिऱन्दनाळ् वाळ्त्तुक्कळ्" असतं त्यातला. तिथे ते विशेषण आहे, गोड. इथे मात्र पुढे नाम नाही, इनिय स्वतःच नाम झालंय: गोड गोष्टी. शेवटचा अ हा निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाचा. आपण फळवाल्याला "गोड द्या" म्हणतो तेव्हा जसं विशेषणच नाम होतं तसं.

उळ म्हणजे आहेत. याचाही शेवटचा अ तोच, अनेकवचनाचा. त्याला आग लावलं (वाक्य विचित्र झालं, पण तसंच आहे) की उळवाग, "असताना". इनिय उळवाग, गोड असताना.

कुणाकडे असताना? कुठे असताना? ओळीत नाही. कसलं गोड? ते पण नाही. आत्ता भरू नका, नुसती मोकळी जागा सोडा.

इन्नाद. इनिय शेजारी ठेवून बघा, इन् दोन्हीत आहे. इन् म्हणजे गोडवा, सुख. इन्नाद म्हणजे ज्यात तो नाही ते, गोड नसलेल्या गोष्टी, बोचणाऱ्या. इथेही अनेकवचनाचा अ. म्हणून मराठीत लगेच "कडू" लिहून टाकायच्या आधी थोडं थांबा. कडूला तमिळमध्ये वेगळा शब्द आहे, कवीने तो न घेता एकाच मुळातून दोन शब्द काढून समोरासमोर बसवलेत, आपलं सुख-असुख, प्रिय-अप्रिय असतं तसं. मला मराठीत "गोड" आणि "अगोड" करावंसं वाटलं, पण अगोड म्हटलं की बिनसाखरेचा चहा डोळ्यासमोर येतो. शेवटी "बोचरं" वर थांबलो, त्यात मूळ एक असण्याची गंमत गेली, पण अर्थ तरी राहिला.

कूऱल्. कूऱु म्हणजे बोल, सांग. त्याला अल् लागलं की बोलणं. हे वाक्याचा कर्ता आहे. माणूस कर्ता नाही हं, "बोलणं" हाच कर्ता. कोण बोलतोय ते सांगितलेलंच नाही, म्हणून ती कुणालाही लागू पडते.

ओळ झाली: गोड असताना बोचरं बोलणं.

दुसरी ओळ, आणि "काय" ची भानगड

कनि म्हणजे पिकलेलं फळ. रोजच्या तमिळमध्ये पिकलेल्या फळाला पळम् म्हणतात (तो ळ आपल्या ळ पेक्षा मऊ, जीभ टाळूला न लावता), कनि हा जरा भारदस्त शब्द. आंबा, फणस आणि केळं या तिघांना मिळून मुक्कनि म्हणतात, तीन फळं, त्यातला हा कनि. आणि कनि हे क्रियापद पण आहे, पिकणं, मऊ होणं.

इरुप्प म्हणजे असताना. चेन्नईत दोन दिवस राहिलेल्याला पण "इरुक्कु" माहीत असतं, आहे. "तण्णी इरुक्का?" पाणी आहे का. तोच इरु. इरुप्प हे जुन्या भाषेतलं रूप. म्हणजे पहिल्या ओळीत "असताना" साठी उळवाग आणि दुसऱ्या ओळीत इरुप्प, दोन वेगळ्या धातूंनी एकच जागा भरलीय, मराठीत दोन्हीकडे "असताना" च येणार, आणि खरं सांगायचं तर मराठीत ते जास्त ठाशीव वाटतं.

आता काय्. मराठी माणूस पहिल्यांदा हसतो, काय काय म्हणून. काय् म्हणजे न पिकलेलं फळ. पण बाजारात गेलात तर हाच शब्द प्रत्येक टोपलीवर आहे: वाळैक्काय् कच्चं केळं, मांगाय् कैरी, कत्तरिक्काय् वांगं, वेण्डैक्काय् भेंडी, मुरुंगैक्काय् शेवग्याची शेंग, तेंगाय् नारळ, आणि लोणचं म्हणजे ऊऱुगाय्. भाजी म्हणून खायची ती जवळपास प्रत्येक फळभाजी काय् आहे. म्हणून मी पहिल्या दिवशी जो अर्थ लावला तो असा होता: "फळ असताना भाजी पळवल्यासारखं". ऐया इतके हसले की त्यांच्या मिसेस बाहेर येऊन बघून गेल्या.

पण ते हसणं संपल्यावर मी विचारलं, "ऐया, काय् मध्ये वाईट काय आहे? तुम्ही रोज खाता, मी रोज खातो, कैरीचं लोणचं तर आम्ही वर्षभर पुरवून खातो." ते म्हणाले, "वाईट म्हणालंय कोण? मधला शब्द वाच." मधला शब्द म्हणजे इरुप्प. पिकलेलं समोर असताना. एकाच झाडाचं, एकाच हाताच्या अंतरावर दोन्ही आहेत, आणि तरी कच्चं. सगळा भार त्या असताना वर आहे, कनि वरही नाही आणि काय् वरही नाही. ते काढून टाकलं तर कुऱळ उरतच नाही.

कवर्न्दु. धातू कवर्, हिसकावणं, झडप घालून घेणं, लुटणं. सिनेमाच्या पोस्टरवर किंवा जाहिरातीत "कवर्च्चि" दिसेल, आकर्षण, मन ओढून घेणारं, तो याच धातूचा. भाषांतरांमध्ये इथे सरळ "खाणं" लिहिलेलं असतं. त्याला आधार आहे, तो पुढे सांगतो, पण "खाणं" साठी उण् हा सोपा शब्द हाताशी असताना कवर् का घेतला असेल ते आपल्यापुरतं वहीत लिहून ठेवा. एक कारण तर उघडच आहे, क चा अनुप्रास. माझ्या मते दुसरं पण आहे. कच्चं फळ हळूच सुटत नाही, देठ पक्का असतो, ओढून तोडावं लागतं, पिकलेलं हातात येतं. बोचरं बोलताना पण माणूस असाच ओढून बोलतो. हे माझं मत, टीकाकारांचं नाही.

दुसरी ओळ झाली: पिकलेलं असताना कच्चं ओढून घेतल्यासारखं.

मोकळ्या जागा भरा, पण कंसात

आता दोन्ही ओळी एकाखाली एक:

गोड असताना बोचरं बोलणं,
पिकलेलं असताना कच्चं ओढून घेतल्यासारखं.

शब्दांचा क्रम एका ठिकाणीही बदललेला नाही. तमिळमध्ये जिथे जो शब्द, मराठीत तिथेच तो. याच्यापेक्षा जवळ जाता येईल असं मला वाटत नाही.

आता जे गाळलंय ते कंसात: (आपल्याकडे) गोड (शब्द) असताना (कुणी) बोचरे (शब्द) बोलणं, (हाताशी गोड) पिकलेलं (फळ) असताना (ते सोडून) कच्चं (फळ) ओढून घेतल्यासारखं (आहे).

कंस सोडू नका. कंसातलं आपलं, बाहेरचं कवीचं. "शब्द" हा शब्द कुऱळमध्ये नाहीये, तो कूऱल् वरून आपण काढला, बोलतो ते शब्दच असणार. "आपल्याकडे" पण आपलं. आणि फळ गोड आहे हे पण सांगितलेलं नाही, पहिल्या ओळीतला गोडपणा दुसऱ्या ओळीत आपोआप उतरतो, बोचरेपणा पण तसाच.

हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. परिमेलळगर नावाचा जुना टीकाकार आहे, तमिळमध्ये कुऱळ शिकताना ज्याच्याशिवाय पान हलत नाही असा, त्याने या कुऱळवर जवळपास हेच लिहिलंय: कूऱल् म्हटल्यामुळे "शब्द" मिळाले, आणि पहिल्या ओळीतले गुण उपमेतही गेले. कवर् चा अर्थ तो उपभोगणं, खाणं असा घेतो, भाषांतरांमधलं "खाणं" तिथून आलं. अध्यायातल्या कुऱळांचा आज जो क्रम छापतात तो पण त्याचाच, बाकीच्या टीकाकारांकडे क्रम थोडा वेगळा सापडतो, म्हणून जुन्या टीकेच्या पुस्तकात नंबरने शोधलंत आणि नाही सापडलं तर दचकू नका, त्याच अध्यायात पुढेमागे बघा.

पण त्याने दिलेली उदाहरणं भारी आहेत. कनि कसलं, तर अव्वैने खाल्लेल्या नेल्लिक्कनि सारखं. नेल्लि म्हणजे आवळा. अदियमान नावाच्या सरदाराला आयुष्य वाढवणारा एक दुर्मिळ आवळा मिळाला, त्याने तो स्वतः न खाता अव्वैयार या कवयित्रीला दिला, संगमकाळातल्या कवितेत तिने त्याबद्दल त्याचं गुणगान केलंय. आणि काय् कसलं, तर कांजिरंगाय्. हे झाड कोकणातल्या लोकांनी बघितलंय: काजरा. ज्याच्या बियांना कुचला म्हणतात, जहाल विषारी.

इथे गाडी जरा रुळावरून उतरते, बघा. आवळा पिकला तरी आंबट-तुरटच, आणि काजऱ्याचं फळ पिकून छान नारिंगी होतं तरी बिया विषारीच. म्हणजे टीकाकाराने कच्चं-पिकलेलं सोडून अमृत-विष असा जोड लावला. का, तर त्याला सांगायचं होतं की बोचरं बोलल्याचा त्रास शेवटी बोलणाऱ्यालाच होतो, विष खाणाऱ्यालाच बाधतं. हा अर्थ ओळीत बसतो, कारण फळ घेणारा आणि खाणारा एकच आहे, समोरच्या माणसाचा कुऱळमध्ये पत्ताच नाही. पण मला स्वतःला विषापेक्षा कैरीच बरी वाटते. विष कोण मुद्दाम खातं? कच्चं मात्र आपण सगळेच घाईत तोडतो. तुम्ही टीका जरूर वाचा, फक्त आधी स्वतःचे कंस भरून झाल्यावर वाचा, नाहीतर पहिल्यापासून डोळ्यापुढे काजराच राहतो.

गोड म्हणजे नक्की कसं गोड

एक शंका सगळ्यांना येते, ही कुऱळ गोडबोलेपणा शिकवते का. त्याचं उत्तर याच अध्यायाच्या पहिल्या कुऱळमध्ये आहे, 91. तिथे इन्सोल्, गोड शब्द, म्हणजे काय ते सांगितलंय: ओलावा मिसळलेले, कपट नसलेले, खरं जाणणाऱ्यांच्या तोंडचे शब्द. ओलाव्यासाठी शब्द ईरम्, आजही तमिळमध्ये ओल्या कपड्याला, ओल्या जमिनीला हाच. म्हणजे 100 मधल्या इनिय च्या कंसात "शब्द" भरताना ते 91 मधले शब्द भरायचे, बँकेच्या कॉल सेंटरवरचे नाहीत. अध्यायातली पहिली कुऱळ वाचल्याशिवाय शेवटचीचा अर्थ पक्का करू नका हे मी त्यामुळे शिकलो.

बरोबर आलं का, ते कसं कळणार

मी दोन गोष्टी बघतो. आपल्या मराठी वाक्यात आज्ञार्थी क्रियापद शिरलंय का? "बोला", "बोलावं", "टाळा" असं काही आलं असेल तर आपण कुऱळ नाही लिहिली, सुविचार लिहिला. आणि दुसरं, "असताना" दोन्ही ओळीत टिकलंय का? मी ऑफिसात पाचसहा जणांना अर्थ विचारला, बहुतेकांनी सांगितलं "कडू बोलणं म्हणजे कच्चं फळ खाणं". त्यात दोन्ही असताना गळलेत आणि उरलं ते एक साधं विधान, जे कैरी आवडणाऱ्याला पटणारच नाही.

सरावाला 391 घ्या, ती बसमध्ये आणि शाळांच्या भिंतीवर भरपूर दिसते:

कऱ्क कसडऱक् कऱ्पवै कट्रपिन्
निऱ्क अदऱ्कुत् तग

ही शिकण्याबद्दल आहे आणि हिच्यात मात्र हुकूम आहे, कऱ्क म्हणजे शिकावं, निऱ्क म्हणजे (त्याप्रमाणे) उभं राहावं, वागावं. कसडऱक् चा शेवटचा क् कुठून आला ते आता तुम्हाला कळेल. तो खोडल्यावर उरतं कसडु + अऱ, आणि हा अऱ म्हणजे मगाशी आपण बाजूला ठेवलेला तुटणं वाला धातू: दोष नाहीसा होईल असं, निर्दोष. पण पुढच्या कट्रपिन् मधला ट्र बघून परत "सारखं" लिहायला जाऊ नका, तो ना तुटण्याचा ना तुलनेचा, तो कल् (शिकणं) चा भूतकाळ आहे, कट्र + पिन्, शिकल्यावर.